दहा मोज, मंग दाब

अन्याय झाला सातवीतल्या एका मुलीवर. झाला पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, तिसऱ्या तासाला, आमच्या गावच्या शाळेत, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. मी तिथे उभी होते. त्यामुळे कुणी मला सांगू नये की असं काही घडलंच नाही.

मुलीचं नाव मी लिहिणार नाही. तिला या गावात अजून बरीच वर्षं काढायची आहेत. गाव बदनापूर या तालुक्याच्या ठिकाणापासून सायकलच्या अंतरावर. तिचा बाप जालन्याच्या मोंढ्यात मापाडी, म्हणजे आडतीवर आलेल्या धान्याचं माप घेणारा माणूस. आजा मेंढरं राखायचा. बापाने काठी सोडली आणि काटा धरला. मुलगी सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर मोंढ्यात जाऊन पोत्यांवर बसायची. पावकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या पिढीने पाठ केले नाहीत. तिने पाठही केले नाहीत, नुसते ऐकले. पाऊण अठ्ठेचाळीस? छत्तीस. दीड सव्वीस? एकोणचाळीस. आपण आपलं नाव सांगतो तितक्या वेळात.

आणि हाच तिचा गुन्हा ठरला.

आधी माझा हिशेब देते. शाळेत टॅब यावेत म्हणून पत्रकं काढली ती मी. गावातल्या चार पोरापोरींचा आमचा गट. मजकूर मी लिहायचा, झेरॉक्स बदनापूरला, आणि बाजाराच्या दिवशी वाटप. ‘शहरातल्या पोरांना टॅब, आमच्या पोरांना फुटकी फरशी!’ हे वाक्य माझं आहे आणि मला ते तेव्हा फार आवडलं होतं. पंचायत समितीच्या पायऱ्यांवर आम्ही दोन दिवस बसलो. शेवटी एका संस्थेने टॅब दिले आणि त्यात गणिताचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. प्रत्येक पोराची पातळी बघून त्याला जमेल तितकंच गणित देणारं. बरोबर आलं की पुढचं अवघड, चुकलं की खालचं सोपं. आम्ही पेढे वाटले.

वाईट नव्हतं ते. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर वाचणारे म्हणतील ही पोरगी यंत्राच्या नावानं बोटं मोडतेय. सातवीत बसलेल्या तीन पोरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि ते वर्गात कधी बोललेच नव्हते. सॉफ्टवेअरने पहिल्याच चाचणीत ते हुडकलं, गुपचूप तिसरीची वजाबाकी समोर ठेवली, आणि कुणी हसलं नाही. एक पोरगा तर घरी जाऊन म्हणाला, मला गणित यायला लागलं. हे खरं आहे.

पण गणिताच्या बाईंचं काय झालं ते बघा. या बाईंनी मलाही शिकवलंय. त्यांच्या वर्गात उत्तर देणं ही अर्धीच गोष्ट असायची. उत्तर चुको की बरोबर येवो, बाई खडू खाली न ठेवता विचारायच्या, “कसं?” आम्हाला त्या शब्दाची धडकी भरायची. शेजारणीचं बघून लिहिलेलं उत्तर तिथे मरायचं. टॅब आल्यावर प्रशिक्षण झालं आणि बाईंना सांगण्यात आलं की आता तुम्ही शिक्षक नाही, सुलभक. म्हणजे काय, तर टॅब चार्जिंगला लावणं, पोरांचे क्रमांक टाकून देणं, फोनचं नेट देऊन रोजची माहिती वर पाठवणं. फळ्यावर जुलैमधलं एक गणित तसंच राहिलं होतं. पुसायला कारणच पडलं नाही.

“बाई, आराम झाला की तुम्हाला,” मी एकदा गमतीनं म्हणाले.

“आराम?” बाई म्हणाल्या. “पोरी, वायरमन झालेय मी.”

तर तो सोमवार. मी आठवड्यातून दोनदा शाळेत जायचे, टॅब अडले तर सोडवायला. तिसरा तास. खिडकीकडच्या बाकावरून आवाज आला, “ताई, मला हे केक काहून दाखवून राह्यलंय?”

बघितलं तर तिच्या पडद्यावर एका केकचे चार तुकडे, त्यातला एक रंगवलेला. खाली प्रश्न, रंगवलेला भाग किती? चौथीचा धडा. शेजारचा पोरगा खुदकला. “केक खाय आता. आम्ही टक्केवारीवर आलो.”

“तू गप रे. तुला पाऊण बत्तीस तरी येतं का?”

“तुला येतं तर केकवर काहून बसलीस?”

  बाईंच्या टेबलावरच्या अहवालात तिच्या क्रमांकापुढे लाल ठिपका होता. लाल म्हणजे मूलभूत गट. आणि त्याच आठवड्यापासून महिनाभरात तालुक्याच्या विशेष गणित वर्गासाठी शाळांनी नावं पाठवायची होती. दर शनिवारी बदनापूरला वर्ग, शिकवायला चांगली माणसं, पुढच्या परीक्षांची तयारी. नावं पाठवायची ती हिरव्या ठिपक्यांतून. असा निरोप होता. बाईंनी तिचं नाव यादीत लिहिलं, ते परत आलं. शेरा: पातळी पात्र नाही.

बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने लिहिलेलं नाव परत आलं. एका ठिपक्यामुळे. मी संतापले.

बाईंना घेऊन मी तालुक्याला गेले. तिथे संस्थेचा समन्वयक होता, माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सरळ. मला भांडायचं होतं, पण त्यानं लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. मुलीची पन्नासेक उत्तरं, प्रत्येकापुढे लागलेला वेळ. दोन सेकंद. दोन. एक. दोन.

“तीन सेकंदांच्या आत आलेलं उत्तर सॉफ्टवेअर अंदाज धरतं, ताई. पोरं पर्याय न वाचता दाबत सुटतात. तशी उत्तरं मोजली तर पातळीच चुकीची निघते. म्हणून मोजत नाही.”

“पण ही बरोबर आहेत!”

“चारांतला एक पर्याय आंधळ्यानं दाबला तरी कधीकधी बरोबर येतो.”

“पन्नासच्या पन्नास?”

त्यानं उत्तरांची यादी पुन्हा वर नेली. मग त्यानं पुढचंही प्रामाणिकपणे सांगितलं. अंदाजाचे शिक्के लागोपाठ पडले की सॉफ्टवेअर समजतं, पोराला हा धडा झेपत नाही; ते एक व्हिडिओ दाखवतं आणि खालच्या धड्यावर नेतं. आता तुम्हीच विचार करा. सोपं गणित आलं की ही आणखी झटपट सोडवणार. आणखी झटपट म्हणजे आणखी अंदाज. आणखी अंदाज म्हणजे आणखी खाली. जितकं येतं तितकी खाली. सातवीतून सहावीत, सहावीतून पाचवीत, आणि शेवटी केक.

बाईंनी विचारलं, “मला तिची पातळी बदलता येत नाही का?”

“सोय आहे. शिक्षकाच्या खात्यात तसं बटण आहे. पण आम्ही ते बंद ठेवलंय.”

“का?”

“काही ठिकाणी सगळा वर्ग एका दिवसात हिरवा झाला, बाई. दुसऱ्या दिवशी पाहणी होती.”

बाई हसल्या. दुखावलेलं हसू होतं ते. दुसऱ्यांनी केलेल्या लबाडीपायी बाईंच्या बटणाला कुलूप. मी म्हणाले, “तुम्ही त्या मुलीला समोर बसवून विचारा ना एकदा!” तो म्हणाला, “विचारलं तरी नोंदवू कुठे? त्याला रकाना नाही.”

मी परत येताना धुसफुसत होते, आणि धुसफुसणाऱ्या माणसाला हुशारी सुचते. दुसऱ्या दिवशी मुलीला बाजूला घेतलं.

“ऐक. उत्तर आलं की लगेच दाबायचं न्हाई. मनात दहा मोज, मंग दाब.”

“काहून?”

“मशीनला वाटलं पाहिजे तू विचार करून राह्यलीस.”

“पण मी केलेला असतो की.”

“त्याला ते कळत न्हाई ना बाळा. दहा मोज.”

बाईंना कळलं तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या. “तू तिला खोटं थांबायला शिकवून राह्यलीस.” मी म्हणाले, “बाई, यंत्राशी भांडून काय मिळणार? फसवू त्याला.” हे बोललेलं मला शब्दन् शब्द आठवतं. पत्रकात छापण्यासारखं वाटलं होतं.

आणि चाललं! तीन आठवड्यांत मुलगी केकवरून टक्केवारीवर, टक्केवारीवरून गुणोत्तरावर. ठिपका पिवळा झाला, मग हिरवा. खिडकीकडच्या बाकावर ती डोळे मिटून ओठ हलवत बसायची, एक, दोन, तीन. शेजारचा पोरगा विचारायचा, “काय, मंत्र म्हणून राह्यली का?” नाव तालुक्याला गेलं आणि या वेळी परत आलं नाही. मी गटातल्या पोरांना सांगत फिरले की हे आपलं काम.

दसऱ्याच्या आधी बदनापूरला, नावं गेलेल्या पोरांतून विशेष वर्गाच्या निवडीचा पेपर झाला. कागदावरचा. चाळीस शाब्दिक गणितं, मांडणीसकट, तीस मिनिटं. टॅब नाही, ठिपका नाही. मी निर्धास्त होते. बाप मोंढ्यातून दुपारची सुट्टी टाकून आला होता, डोक्याला बांधलेल्या टापराला धान्याची धूळ तशीच. आम्ही दोघं तिथल्या शाळेच्या फाटकाशी उभे. पोरं बाहेर आली, ती सगळ्यात शेवटी.

“कसा गेला गं?” मी विचारलं.

“नऊ राहिले.”

“नऊ चुकले?”

“न्हाई. नऊ सोडवलेच न्हाईत. घंटा झाली.”

मला कळेना. या मुलीला वेळ कमी पडतो? मी विचारलं, अवघड होते का. तर म्हणाली, “अवघड न्हवते. पण दर उत्तराला मोजावं लागलं ना.”

“कागदावर? कागदावर कशाला मोजलंस?”

“तुम्हीच म्हणले होते ताई. दहा मोज, मंग दाब. मी दाबायच्या जागी लिहिलं.” मग म्हणाली, “मी विसरायला बघितलं. पण न मोजता लिहिलं की वाटायचं, चुकलंच आसंल.”

हे शेवटचं वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. ज्या मुलीला आपलं उत्तर माहीत असायचं, तिला आता ते चुकलंच असेल असं वाटू लागलं होतं. हे सॉफ्टवेअरने केलं नाही. मी केलं. सॉफ्टवेअरने तिला केकवर बसवलं, पण तिच्या डोक्यात मोजणी मी घातली.

बापाने टापर सोडून धूळ झटकली. मग म्हणाला, “ताई, आमच्याकडं बी काटा इलेक्ट्रॉनिक आला. बराबर वजन दाखवतो, कबूल. पण पोतं ओलं हाय का, हे काटा सांगत न्हाई. त्याला हात घालावा लागतो. म्हणून मापाडी हाय अजून.” पोरीकडे बघून पुढे म्हणाला, “हिच्या डोक्यात असा हात घालून कुनी बघितलं का?”

यादी लागली. तिने सोडवलेले एकतीसच्या एकतीस बरोबर होते. निवड झालेल्या शेवटच्या पोराला तेहतीस. दोन प्रश्नांनी गेली. सावकाश मोजलेले दहा आकडे, एकतीस वेळा. गुणून बघा, किती मिनिटं गेली ते.

मी घरी जाऊन पत्रक लिहायला घेतलं. ‘टॅब परत न्या!’ दोन ओळींच्या पुढे जाईना, कारण हातच्याची वजाबाकी शिकलेला तो पोरगा डोळ्यांपुढे येत होता. त्याचा टॅब का न्यायचा? मग मी पेन ठेवलं आणि बाईंच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते. बाईंनी चहा ठेवला आणि एक वही पुढे टाकली.

साधी दोनशे पानी वही. टॅब आल्यापासून बाईंनी रोज तासाला दोन पोरांशेजारी बसून लिहिलेली. एका बाजूला सॉफ्टवेअरची पातळी, दुसऱ्या बाजूला पोराला ‘कसं?’ विचारल्यावर त्याने जे सांगितलं ते, त्याच्याच शब्दांत. एक हिरवा पोरगा: ‘लांब पर्याय असला की तोच बरोबर असतो, बाई.’ एक पिवळी पोरगी, वाचायला अडते, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला की सगळं येतं. आणि आपली मुलगी, लाल. समोर बाईंचं अक्षर: ‘साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, असं स्वतः सांगितलं. सातवीच्या पुढे आहे.’ तारीख पोळ्याच्या आधीची.

“बाई, हे तुमच्याकडे होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“बोलले की. नाव लिहून पाठवलं, परत आलं. तू मंग तुझी युक्ती घेऊन आलीस.” त्यांनी कप पुढे सरकवला. “सुलभकाची वही कोन बघतं, पोरी?”

मी म्हणाले, “आता बघतील.”

आम्ही चौघं गेलो विस्तार अधिकाऱ्यांकडे, शाळांची तपासणी ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे. बाई, मी, बाप, मुलगी. समन्वयकालाही बोलावून घेतलं. साहेब म्हणाले, यादी लागली, विषय संपला. मी आवाज चढवणार तोच बाईंनी माझा हात दाबला. वही उघडली आणि म्हणाल्या, “साहेब, तुम्हीच विचारा तिला. काहीही.”

साहेबांनी जरा वैतागून विचारलं, “चौसष्टचे साडेबारा टक्के?”

मुलीचे ओठ हलायला लागले. एक, दोन. मला दिसलं. बाईंनाही दिसलं. बाई तिच्या कानाशी वाकल्या नाहीत, समजावलं नाही. वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, “मोजू नको. सांग.”

“आठ.”

“कसं?”

“शंभराचे आठ समान भाग केले की एक भाग साडेबारा. मंग चौसष्टचा आठवा भाग, आठ.”

साहेबांनी आणखी एक विचारलं, मग आणखी एक. चौथ्या प्रश्नाला ते खुर्चीत पुढे सरकले होते आणि बाप दाराशी उभा राहून छताकडे बघत होता. समन्वयकाने लॅपटॉप उघडलाच नाही. वही मात्र दोनदा उलटून पालटून वाचली आणि म्हणाला, “हा लांब पर्यायवाला मुलगा... हे आम्हाला इथून कधीच दिसलं नसतं.” त्या दिवशी मला तो आवडला.

काय मिळालं? यादी बदलली नाही. ते खोटं सांगणार नाही. आमच्या शाळेपुरतं बाईंचं बटण उघडलं, अट एवढीच की पातळी बदलली की कारण लिहायचं. बाई म्हणाल्या, कारण तर मी आधीपासून लिहितेय. आणि साहेबांनी तोंडी कबूल केलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर राहिलेल्यांचा फेरपेपर घेऊ, विशेष वर्गाच्या दोन जागा त्यासाठी ठेवू. तोंडी. मी लेखी मागितलं तर म्हणाले, बघू. तो कागद मी आणणार आहे. दर सोमवारी त्यांच्या टेबलासमोर उभी असते, आणि चपराशानं मला बसायला स्टूल द्यायला सुरुवात केलीय.

मधल्या वेळात बाई रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मुलीला घेऊन बसतात, टॅब बंद करून. दिलेली सवय काढून घेणं हे शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे, असं त्या म्हणतात, आणि माझ्याकडे बघून म्हणतात. फळ्यावरचं जुलैमधलं गणित पुसलं गेलंय. टॅबही चालू आहेत; हातच्यावाला पोरगा भागाकारावर आलाय. मुलगी कधी एका दमात सांगते, कधी ओठ हलतात. गेल्या आठवड्यात सलग सहा उत्तरं न मोजता दिली, सातव्याला अडली. शेजारचा पोरगा ओरडला, “मोजू नको ना बे!” वर्ग हसला. तीही हसली. मग उत्तर दिलं, बरोबर होतं.

फेरपेपरला ती बसेल आणि मी फाटकाशी उभी असेन. पण एका मुलीचं म्हणणं तालुक्यापर्यंत जाऊन ऐकवलं म्हणून हा विषय मिटत नाही. तुमच्या गावच्या शाळेत असे टॅब आले असतील, किंवा येतील. तेव्हा तुम्ही, हे वाचणारे, माझ्यासारखे पेढे वाटून घरी जाऊ नका. या सोमवारी शाळेत जा. गणिताच्या शिक्षकांना भेटा आणि एवढंच विचारा: माझ्या मुलाची पातळी तुम्हाला बदलता येते का? नाही म्हणाले, तर त्यांच्याबरोबर तालुक्याला जा आणि ते बटण उघडल्याशिवाय परत येऊ नका. आणि संध्याकाळी मूल घरी आलं की हिरवा का लाल हे विचारू नका. एक गणित सोडवायला लावा, समोर बसा, आणि विचारा, “कसं?”

मग ते सांगेपर्यंत ऐका.